नावावर झालेले सहा हजार शेअर

मी वकील नाही. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, पण मुरुममध्ये इन्कमटॅक्सचं काम करणारा माणूस म्हणजे वकील, आणि ती बाई असेल तर वकीलबाई. बाजारपेठेत एका अडत दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. खाली तुरीची नाहीतर सोयाबीनची पोती उतरत असतात आणि वर मी व्यापाऱ्यांचे, मास्तरांचे, दोन-चार डॉक्टरांचे रिटर्न भरत असते. सुरुवातीची तीन वर्षं बाईच्या हातात आपल्या वह्या द्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा या भागात नोकरीला असलेल्या एका तलाठ्यानं माझ्याकडं माणसं पाठवली. ‘बाई तिखट हाय, पण काम चोख करती,’ असं तो सांगायचा म्हणे. त्या तलाठ्यांना मी अण्णा म्हणत आले. ही हकीकत त्यांच्या मुलीची आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. तो मी लपवणार नाही, कारण लपवायचं असतं तर लिहायला बसलेच नसते.

अण्णांचं गाव सास्तूर. भूकंप झाला तेव्हा ते तिशीतले होते, नोकरी नवी होती. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी फक्त याद्या केल्या. कुणाचं घर होतं, किती खोल्यांचं होतं, कुणाच्या नावावर होतं. बाप गेला, भाऊ गेला आणि घर मात्र आजोबाच्याच नावावर राहिलेलं, अशी माणसं त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करता करता थकून जायची. त्यातून अण्णांचा एक सिद्धांत तयार झाला तो कायमचा. जे नावावर लागलं ते आपलं. बाकी सगळं बोलणं. हा सिद्धांत ते पोरीच्या शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या शेगडीच्या पावतीपर्यंत सगळीकडं लावत. बायको कधीतरी वैतागून शेजारणीशी कानडीत काहीतरी बोलायची आणि दोघी हसायच्या. अण्णा ते न ऐकल्यासारखं करायचे.

मुलगी एकुलती एक. पुण्यात इंजिनिअर झाली आणि तिथल्याच एका स्टार्टअपमध्ये लागली. पहिल्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा बाप-लेक माझ्याकडं आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कंपनीचं पत्र होतं. सहा हजार स्टॉक ऑप्शन, दहा रुपये दरानं, चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं हक्काचे होणार. मुलीनं विचारलं की याच्यावर आता टॅक्स किती.

खरं सांगायचं तर असं पत्र मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या गिऱ्हाइकांकडं शेअर म्हणजे साखर कारखान्याचा, भिंतीवर फ्रेम करून लावलेला. मी दोन दिवस मागून घेतले, वाचलं, सोलापूरच्या एका ओळखीच्या सीएला फोन केला आणि मग तिला समजावलं. पत्र मिळालं म्हणजे फक्त शब्द मिळाला. पुढं कधीतरी दहा रुपयांनी शेअर घ्यायची मुभा. त्यावर टॅक्स नाही. टप्प्याटप्प्यानं हक्क पक्का होत जाईल, त्यावरही नाही. ज्या दिवशी तू दहा रुपये भरून शेअर घेशील त्या दिवशी पहिला टॅक्स. त्या दिवशीची शेअरची खरी किंमत वजा तुझे दहा रुपये, जो फरक राहील तो तुझा पगारच धरला जाईल. आणि पुढं शेअर विकशील तेव्हा दुसरा टॅक्स, पण तो मधल्या वाढीवरच. घेतल्या दिवशीची किंमत आणि विकल्या दिवशीची किंमत, यांच्यातल्या फरकावर.

मुलीला पटकन समजलं. तिनं वहीत तीन खाने काढले आणि एकेक भरला. अण्णांना मधला टॅक्स पटला नाही. शेअर विकला नाही, पैसा हातात आला नाही, मग पगार कसला? मी म्हटलं, अण्णा, खरेदीखतावर स्टॅम्प कसा लागतो? व्यवहार कितीचाही असो, सरकारी बाजारभावानं. तसंच आहे हे. तिथं रेडी रेकनर, इथं मर्चंट बँकर नावाचा माणूस मूल्य काढून देतो. हे त्यांना लगेच समजलं. उलट ते जरा खूशच झाले. आपल्या ओळखीचा सरकारी खाक्या आहे म्हटल्यावर त्यांना परकं वाटेना.

मी मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. घाई करू नकोस. नोकरीत आहेस तोवर शब्द कुठं पळून जात नाही. शेअर बाजारात आले, किंवा कुणी विकत घ्यायला समोर उभं राहिलं, की तेव्हा एका हातानं घे आणि दुसऱ्या हातानं विक. ती हो म्हणाली. अण्णांनी पत्रावर मुलीचं नाव कुठं आहे ते बोट ठेवून बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात कंपन्यांनी सगळ्यांना घरी बसवलं होतं आणि ती सास्तूरला येऊन राहिली होती. माळवदावर मोबाइलला रेंज चांगली येते म्हणून वर छत्री लावून काम करायची. बाप-लेकीला एकमेकांचा इतका सहवास आधी कधी मिळाला नव्हता. त्या दिवसांत अण्णा रोज तिला एकच गोष्ट विचारत असणार. हक्काचं झालं म्हणतेस ना, मग नावावर का करून घेत नाहीस? कंपनीचे नियमही असे की मुभा लवकर वापरता येत होती. चार वर्षं पूर्ण होण्याआधीच वरिष्ठांनी तिच्यावर खूश होऊन सगळे सहाच्या सहा हजार हक्काचे करून दिले होते.

जुलैमध्ये, रिटर्नच्या गर्दीत, दोघं पुन्हा माडी चढून आले. अण्णांच्या हातात पेढ्यांचा पुडा.

“नावावर झाले बघा, वकीलबाई,” ते म्हणाले. “सहा हजार. पोरीच्या नावावर.”

मी पुडा बाजूला ठेवून आधी फॉर्म सोळा बघितला. त्या दिवशीची किंमत शेअरला पाचशेदहा रुपये निघाली होती. पाचशेदहा वजा दहा, पाचशे. गुणिले सहा हजार. तीस लाख रुपये तिच्या पगारात मिळवलेले. तिचा मूळ पगारच वरच्या टप्प्यात होता, त्यामुळं या सगळ्या तीस लाखांवर तीस टक्के आणि त्या टॅक्सवर चार टक्के सेस. नऊ लाख छत्तीस हजार. आणि तिनं भरले होते फक्त साठ हजार, शेअरच्या किमतीचे.

माझा आवाज चढला असणार, कारण खालचा हमाल वर डोकावून गेला. मी तिला म्हटलं, मी तुला काय सांगितलं होतं? तिनं हळूच कंपनीची ईमेल दाखवली. ‘आत्ता काहीही कर भरावा लागणार नाही.’ ईमेल खोटी नव्हती. तिची कंपनी सरकारच्या मंडळाकडून प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्या स्टार्टअपपैकी होती. अशा कंपनीच्या कर्मचाऱ्याला हा मधला टॅक्स लांबवता येतो. मी रिटर्नमध्ये तो लांबवलेला म्हणून दाखवला, त्यासाठी तिथं वेगळा रकानाच आहे, आणि मग दोघांना समोर बसवून सांगितलं की हा कधी भरायचा. तीन गोष्टी. शेअर विकले की. नोकरी सुटली की. नाहीतर ज्या वर्षी शेअर घेतले त्याचं आकारणी वर्ष, म्हणजे पुढचं वर्ष, संपल्यावर अठ्ठेचाळीस महिन्यांनी. तिन्हीपैकी जे आधी घडेल त्यानंतर चौदा दिवसांत. आणि आकडा हाच राहणार, नऊ लाख छत्तीस हजार. शेअर हजाराचा झाला तरी हाच, आणि पाच रुपयांचा झाला तरी हाच.

मुलीचा चेहरा उतरला. अण्णांचा नाही.

“म्हंजी तहकुबी,” ते म्हणाले.

आता हे मला पुढं कित्येक दिवस छळत राहिलं, म्हणून नीट सांगते. अण्णांनी आयुष्यभर शेतसारा वसूल केला. दुष्काळाच्या वर्षी सरकार वसुली तहकूब करतं. पुढच्या वर्षी पुन्हा दुष्काळ, पुन्हा तहकुबी. आणि दोन-चार वर्षांनी एक दिवस वरून हुकूम येतो की जुनी तहकूब रक्कम माफ. आमच्या भागात दुष्काळ कधी पाहुणा म्हणून आला नाही, तो घरचाच, त्यामुळं अण्णांनी तहकुबीची माफी झालेली किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. त्यांच्या अनुभवात लांबवलेला कर म्हणजे अर्धा माफ झालेला कर. मी म्हटलं, अण्णा, हे तसं नाही. ते म्हणाले, व्हय व्हय, बगू की. मी चिडून म्हटलं की बघू नाही, पैसे बाजूला टाका. मुलीनं मान हलवली आणि ती पैसे बाजूला टाकायला लागली, दर महिन्याला. पण ते पैसे तिनं मनात टॅक्ससाठी ठेवले नव्हते, हे मला नंतर कळलं. ते ती घरासाठी साठवत होती.

तिला पुण्यात स्वतःच्या नावावर घर हवं होतं. दोन खोल्यांचं असलं तरी चालेल. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, आधी माझं घर, मग कुणाचं तरी घर. अण्णांना तिचं हे बोलणं फार आवडायचं, कारण त्यात त्यांचाच सिद्धांत होता. एका बिल्डरकडं तिनं टोकन दिलं होतं. बँक कर्ज देणार होती, स्वतःचे दहा-एक लाख घालायचे होते. ते जमत आले होते.

मग आणखी अडीचेक वर्षांनी तो देकार आला.

कंपनीत नवा मोठा गुंतवणूकदार येत होता आणि त्याला जुन्या कर्मचाऱ्यांकडूनही शेअर विकत घ्यायचे होते. सहाशेवीस रुपयांना एक. ज्याला विकायचे त्यानं आठवड्यात कळवायचं, सगळे विका नाहीतर थोडे. मुलगी शनिवारी गावी आली आणि तिनं मला घरी यायची विनंती केली. पप्पांसमोर समजावून सांगा म्हणाली. मी एसटीनं सास्तूरला गेले. जाण्याआधी सगळा हिशोब पक्का करून नेला होता.

पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून मी आकडे सांगितले. सगळे विकलेस तर सदतीस लाख वीस हजार. त्यातून लांबवलेला टॅक्स नऊ लाख छत्तीस, कारण विकणं म्हणजे तीनपैकी पहिली गोष्ट. शिवाय पाचशेदहाचे सहाशेवीस झाले, शेअरमागं एकशेदहाचा भांडवली नफा, एकूण सहा लाख साठ हजार. शेअर घेऊन दोन वर्षांच्या वर झालीत आणि ते बाजारात नोंदलेले नाहीत, तेव्हा हा नफा दीर्घ मुदतीचा. त्यावर साडेबारा टक्के आणि सेस, पंच्याऐंशी हजार आठशे. सगळं फेडून हातात सत्तावीस लाख.

सत्तावीस लाख म्हटल्यावर मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मुलगी बापाकडं बघत होती. ती तीस वर्षांची होत आली होती, पुण्यात दहा माणसं तिच्या हाताखाली होती, पण या विषयात ती बापाकडं बघत होती. शेअर नावावर करण्याचा सल्ला त्यांचा होता आणि भाव वाढून तो बरोबर ठरला होता.  अण्णांनी हायवेची गोष्ट काढली. सोलापूर-हैदराबाद रस्ता रुंद व्हायच्या आधी बाहेरची माणसं येऊन रस्त्याकडच्या जमिनी मागत हिंडत होती. ज्यांनी दिल्या त्यांचे फेरफार, म्हणजे नावबदलाच्या नोंदी, अण्णांनीच ओढले. दोन-तीन वर्षांत तिथं धाबे आले, पेट्रोलपंप आले, आणि विकलेली माणसं त्याच धाब्यावर चहा प्यायला बसून स्वतःच्या कपाळाला हात लावायची.

“घेणारा काय खुळा असतो का?” अण्णा म्हणाले. “त्याला कायतरी दिसतंय म्हून तो घ्यायलाय. म्या असले लई बगितले. नावावरचं इकू नको, बाई.”

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून ते बोलत होते. फक्त जमीन जागेवरच राहते आणि कंपनी राहत नाही, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक त्या खोलीत फक्त मला दिसत होता.

मुलीनं माझ्याकडं बघून विचारलं, “काकू, तुम्हाला काय वाटतं?”

अर्धे विकण्याचाही हिशोब माझ्याकडं होता. अर्धे विकलेस तर त्या अर्ध्यांचे दोन्ही टॅक्स फेडून साडेतेरा लाख हातात येतात. उरलेल्या अर्ध्यांचा टॅक्स चार लाख अडुसष्ट हजार, तो त्यातूनच बाजूला ठेवायचा. मग उद्या कंपनी बुडाली तरी घराला धक्का नाही आणि वाढली तर अर्धे आहेतच. अण्णांचंही राहिलं असतं आणि तिचंही. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं.

मी म्हटलं, “मी टॅक्स सांगते. विकायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं.”

का म्हटलं? आजवर मी त्याची बरीच कारणं शोधली. सल्लागारानं गुंतवणुकीत तोंड घालू नये, हे एक शहाणपणाचं कारण. ते खोटं आहे, मी आख्ख्या बाजारपेठेला न विचारता सल्ले देते. खरं कारण एवढंच की ज्या माणसानं माझ्या दारात पहिली गिऱ्हाइकं आणून बसवली, त्याला त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर, अण्णा तुम्ही चुकताय, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तिखट बाई म्हणे. त्या दिवशी माझा तिखटपणा कुठं गेला होता कोण जाणे. मग मी जेवले. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी होती. अण्णांनी आग्रह करकरून वाढलं आणि मला एसटीला सोडायला मोटारसायकलवरून आले.

मुलीनं एकही शेअर विकला नाही.

पुढं काय झालं ते सांगायला फार लागत नाही. वर्ष उलटायच्या आत कंपनीचं मोठं काम हातचं गेलं, नव्या गुंतवणूकदारानं दुसरा हप्ता दिला नाही, पगार आधी उशिरा आणि मग अर्धे झाले. मुलगी नोकरी सोडू शकत नव्हती. सोडली की चौदा दिवसांचं घड्याळ सुरू. तिच्याबरोबरचे लोक, ज्यांनी शेअर घेतलेच नव्हते, ते दुसरीकडं उड्या मारून गेले. त्यांचा शब्द बुडाला, पण शब्दावर टॅक्स नव्हता. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं आणि दोन्हीकडं तिनं नाही म्हटलं. नऊ लाख छत्तीस हजार भरायची वेळ टाळायला ती अर्ध्या पगारावर त्या बुडत्या कंपनीत बसून राहिली. आमच्याकडं म्हण आहे, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मला फोनवर ती हसत म्हणाली, काकू, हे पळतसुद्धा नाही, नुसतं चावतंय.

मग एका सोमवारी सकाळी सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि दहा मिनिटांत काढून टाकलं.

तिनं मला विचारलं की मी सोडली नाही, त्यांनी काढलं, मग यात काही सवलत नाही का. मी म्हटलं, नाही. कायदा एवढंच विचारतो की तू त्यांची कर्मचारी आहेस की नाहीस. कंपनीनं टॅक्स कापून भरायचा असतो, पण कापणार कशातून, शेवटच्या पगाराच्या हिशोबाचे पैसेच तिला मिळाले नव्हते. अशा वेळी तो कर्मचाऱ्यानं थेट भरायचा असतो. मी तिला सांगितलं की कंपनीच्या हातात एक रुपया देऊ नकोस, इथं ये, आपण तुझ्या पॅनवर चलन भरू.

ती आली, बरोबर अण्णा. माडीचा जिना चढताना ते मध्ये दोनदा थांबले. मुलीनं लॅपटॉप उघडला, बँकेचं पान उघडलं. खात्यात नऊ लाख ऐंशी हजार होते. अण्णांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि अगदी खालच्या आवाजात, जणू मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं.

“वकीलबाई, त्या शेअरची आजची किंमत काय?”

मी सांगितलं, शून्य. कंपनीचं जे काही विकलं जाईल त्यातून आधी ज्यांची देणी आहेत ते, मग मोठे गुंतवणूकदार, मग उरलं तर हिच्यासारखे. उरणार काही नाही.

“मग नोंद रद्द करायची. चुकीची नोंद म्या किती रद्द केल्यात. प्रांताकडं अपील करायचं. शेअर परत घ्या म्हनावं, टॅक्स परत घ्या म्हनावं.”

मी म्हटलं, अण्णा, नोंद चुकीची नाही. त्या दिवशी शेअर खरेच तिच्या नावावर झाले आणि त्या दिवशी किंमत खरीच पाचशेदहा होती. कर त्या दिवसाचा आहे. त्यानंतर काय झालं ते कर बघत नाही.

“आन् माफी?”

“नाही अण्णा.”

 मी आजवर लोकांना टॅक्सचे आकडे सांगितले तेव्हा ते चिडले, भांडले, एकानं तर माझ्या टेबलावरचा पंखा ढकलून दिला. अण्णांनी नुसती खुर्ची परत जागेवर सरकवली आणि मला त्यांची इतकी दया आली की मीच उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा मुलीनं पैसे भरले होते. खात्यात चव्वेचाळीस हजार उरले. टोकन परत मागण्यासाठी ती आधीच बिल्डरशी बोलली होती. नोकरी नसलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही, तेव्हा तो विषय तसाही संपला होता.

आता तोट्याचं. कागदावर तिचा तीस लाख साठ हजारांचा भांडवली तोटा आहे. मी पुष्कळ डोकं आपटलं की याचा काही उपयोग करता येईल का. तो पगारातून वजा होत नाही. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच होतो, रिटर्न वेळेत भरलं तर पुढची आठ वर्षं. पण आधी शेअर विकले गेले पाहिजेत, एका रुपयाला का होईना, आणि खासगी कंपनीचे शेअर नावावरून उतरवायला कंपनीची मंजुरी लागते. तिथं आता फोन उचलायला कुणी नाही. आणि समजा विकले गेले, तर नफा आणायचा कुठून? तिच्या नावावर दुसरं काही नाही. अण्णांनी एक दिवस फोन करून विचारलं की गावाकडची दोन एकर तिच्या नावावर करून विकली तर तो नफा धरता येईल का. खेड्यातली शेतजमीन या कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, तिच्या नफ्यावर टॅक्सच नाही, म्हणून तिच्यातून तोटाही वजा होत नाही. हे मी त्यांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, बरं. आयुष्यात पहिल्यांदा ते नावावरचं विकायला निघाले होते आणि त्याचाही उपयोग नव्हता.

मुलीला चार महिन्यांनी हैदराबादला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. तिकडं जाताना ती उमरग्याला बस बदलणार होती, पण वाट वाकडी करून आधी मुरुमला मला भेटायला आली. बरोबर दोन बॅगा. या कंपनीनं ऑप्शन देऊ केले होते, ते तिनं नको म्हणून लिहून दिलं होतं. ते घ्यायला काहीच हरकत नाही, नुसत्या शब्दावर टॅक्स नसतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी मी काही बोलले नाही. चहा झाला. मग ती म्हणाली, “काकू, त्या दिवशी घरी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, घरच्यांनी ठरवायचं. खरं सांगा, तुम्हाला काय वाटत होतं?”

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, “अर्धे विक, असं वाटत होतं. हिशोबही करून आणला होता.”

तिनं रिकामा कप बाजूला सरकवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी पप्पांकडं बघत होते ते परवानगीसाठी नाही, काकू,” ती म्हणाली. “त्यांना नाही म्हणायला मला कुणीतरी सोबत हवं होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी विकले असते.”

मग तिनं बॅगा उचलल्या. एक मी घेऊ का म्हटलं तर नको म्हणाली, आणि जिना उतरून गेली. यंदाचं रिटर्न तिनं स्वतःच ऑनलाइन भरलं. तिचा जुना पासवर्ड अजून माझ्याकडं होता, मी पोर्टलवर बघितलं, वेळेत भरलं होतं आणि सगळं बरोबर होतं.